पायाभूत चाचणीतली चुकीची उत्तरे

वर्ष सुरू होताच चाचणी कशाला, शिकवण्याचे दिवस वाया जातात, असा आक्षेप शिक्षक आणि पालक दोघेही घेतात. 2015 साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमातून पायाभूत चाचणी आली तेव्हापासून तो ऐकू येतो. चाचणी घ्यायची, गुण भरून पाठवायचे आणि दुसऱ्या दिवशी पहिला धडा काढायचा, एवढेच होणार असेल तर आक्षेप खरा आहे. पण त्यात दोष चाचणीचा नसून उत्तरे न वाचण्याचा आहे.

कसबा पेठेतला पाचवीचा वर्ग घ्या. 503 मधून 278 वजा करायला सांगितले. एका मुलाने 375 लिहिले, दुसऱ्याने 325. गुण दोघांनाही शून्य. पहिला मुलगा प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतो, मग तो वर असो वा खाली. दुसऱ्याला हातचा घेणे येते. मात्र शून्यापाशी तो शून्याचे नऊ करतो आणि शतकातला एक कमी करायचे विसरतो. खात्री करायची तर 72 वजा 38 द्यावे. पहिला 46 लिहील, दुसरा बरोबर 34. पहिल्याला दहा काड्यांचा गठ्ठा सोडून दाखवावा लागेल. दुसऱ्यासाठी 503 म्हणजे 4 शतके, 9 दशके आणि 13 एकक, एवढी मांडणी पुरेल. दोघांनाही वजाबाकी पहिल्यापासून शिकवली, तर दिवस खरे तेव्हा वाया जातील.

सुट्टीत मुले विसरतात, म्हणून निकाल फसवा असतो, असेही म्हणतात. हे अंशतः खरे आहे. म्हणून एक दिवस उजळणी घेऊन तसलीच दोन उदाहरणे पुन्हा द्यावीत. विसरलेले परत येते. चुकीची पद्धत जशीच्या तशी राहते.

कागदी चाचणीची एक मर्यादा मात्र मी मान्य करतो. पेठेत घरच्या दुकानात बसणारे मूल 278 मध्ये दोन मिळवून 280, वीस मिळवून 300, मग दोनशे आणि वर तीन, असे मोजून 225 रुपये अचूक परत देते आणि तीच वजाबाकी पाटीवर चुकते. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात बाजारात विक्री करणाऱ्या मुलांबाबत संशोधकांना हेच आढळले; तो अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. म्हणून चुकलेल्या मुलाला जवळ बोलावून ‘कसे केलेस, सांग बरं’ असे विचारलेच पाहिजे.

मुलांवर ‘कच्चा’ असा शिक्का बसतो, ही तक्रार मला सर्वांत गंभीर वाटते. त्यावर उपाय सोपा आहे: मुलाच्या कागदावर गुण लिहू नयेत, वर्गात वाचूही नयेत. वरच्या कार्यालयाला आकडे हवे असतील तर ते वेगळे पाठवावेत. शिक्षकांनी उत्तरपत्रिका मात्र गठ्ठा बांधून कपाटात टाकू नयेत. लगेचच, चुका वाचून, पुढच्या आठवड्याचे पाठ त्यांवरून ठरवावेत.