रविवारीही भरलेली लाल पिशवी

तळोज्यात दवाखाना चालवणाऱ्या माझ्या एका समव्यवसायी मित्राने परवा जैववैद्यकीय कचऱ्याची नोंदवही अभिमानाने दाखवली. रोज लाल पिशवी पाचशे ग्रॅम, पिवळी तीनशे ग्रॅम. महिनाभर एकच आकडा, एकच शाई, एकच वळण. रविवारी दवाखाना बंद असतो, पण पाचशे ग्रॅम त्या दिवशीही जमले होते!

हिशोब करून बघा. दोन मिलीची सिरिंज सुई काढल्यावर जेमतेम तीनेक ग्रॅम भरते. दिवसात वीस इंजेक्शनं झाली, तर साठ ग्रॅम. दोन सलाइन लावली, तर त्यांच्या नळ्या, बाटल्या आणि थोडे हातमोजे धरून आणखी शंभर-सव्वाशे. म्हणजे दोनशेच्या आत खेळ संपला. पाचशे ग्रॅम आले कुठून? वजनकाटाच नसलेल्या दवाखान्यात कंपाउंडरने महिनाअखेरीस एका बैठकीत लिहून काढले, दुसरं काय! खरी नोंद वेडीवाकडी असते. सोमवारी फुगते, सणाला आटते आणि गाडीवाल्याच्या पावतीशी जुळते. तपासायला आलेल्याने आधी रविवार बघावा.

यावर ठरलेलं उत्तर तयार असतं: ‘आम्ही छोटे, एवढ्याशा कचऱ्याने काय होतं?’ 2009 मध्ये गुजरातेत मोडासा भागात हेपेटायटिस बीची मोठी साथ आली. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याचा संशय दवाखान्यांवरच आला आणि डॉक्टरांना अटक झाली. सिरिंजचं प्लास्टिक विकलं जातं, हे भंगारवाल्याला आपल्याआधी कळतं. लाल पिशवीचं वजन फुगवून लिहिणारा दवाखाना माल कुठे गेला याचा पुरावाच पुसतो. खरा माल मागच्या दाराने गेला, तरी वही भरलेलीच दिसणार.

म्हणून सगळा मामला पहिल्या मिनिटात ठरतो. इंजेक्शन दिल्यावर सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, कारण बोटाला अनेकदा तेव्हाच टोचतं. जागेवरच नीडल कटरमध्ये सुई कापायची, नोजलसकट. मग ती सिरिंज कोणाच्या कामाची उरत नाही. कापलेली सुई पांढऱ्या, सुई आरपार न जाणाऱ्या डब्यात. सिरिंज, सलाइनची नळी, हातमोजे लाल पिशवीत. रक्ताचा कापूस, बँडेज, मुदत संपलेली औषधं पिवळीत. फुटलेल्या काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या पेटीत. सुयांचा डबा पाऊण भरला की बंद. ‘अजून मावतंय’ म्हणून अंगठ्याने दाबणारे महाभाग मी पाहिलेत.

बहुतेकांकडे प्रत्यक्षात सगळं पिवळीत जातं, कारण पिवळी जळते आणि प्रश्न मिटतो. मिटत नाही. सलाइनची नळी बहुधा पीव्हीसीची असते, त्यात क्लोरीन असतं. ती भट्टीत नीट जळली नाही, तर डायऑक्सिन तयार होतात. इथे तर घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारं केंद्र आपल्याच औद्योगिक वसाहतीत आहे, आणि कोविडच्या काळात मुंबईचा जादा वैद्यकीय कचराही याच तळोज्यात आला. रात्री वास येतो म्हणून महापालिकेला शिव्या घालणाऱ्या डॉक्टराने सकाळी आपल्या पिवळ्या पिशवीत हात घालून बघावं.

साठवणुकीचं म्हणाल तर 2016च्या नियमांनी रक्ताळलेल्या कचऱ्याला अठ्ठेचाळीस तासांची मुदत दिली आहे. गाडी चुकली आणि त्याहून जास्त ठेवावं लागलं, तर कुणाला बाधा होणार नाही अशी काळजी घेऊन कारणासह प्रदूषण नियंत्रण मंडळाला कळवायचं. आमच्याकडे काय होतं? पिशवी जिन्याखाली, झाडूशेजारी, आणि चौथ्या दिवशी कुत्रं ओढून नेतं. पंचाहत्तर किलोमीटरच्या आत सामायिक केंद्राची सेवा असताना मागच्या अंगणात खड्डा खणून जाळणं बेकायदा आहे. तळोज्यात ‘सोय नाही’ ही सबब चालणारी नाही.

कागद खरं तर थोडेच आहेत. खाटा नसलेल्या दवाखान्याला मंडळाची परवानगी एकदाच घ्यावी लागते. बारकोड लावलेल्या पिशव्या, रंगनिहाय रोजचं वजन, गाडीच्या पावत्या, सुई टोचल्याची नोंद. या नोंदी पाच वर्षं जपायच्या आणि गेल्या वर्षीचा वार्षिक अहवाल 30 जूनपर्यंत द्यायचा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा यासाठी पुरतो. तो घ्यायला पैसे नाहीत म्हणणाऱ्या डॉक्टरच्या गाडीचं मॉडेल मी विचारत नाही.

हा उद्योग थांबवायला मंडळाचे अधिकारी पुरणार नाहीत, पण पेशंट पुरतील. पुढच्या वेळी इंजेक्शन घेतलंत की उठायची घाई करू नका. सुई तुमच्यासमोर कापायला सांगा. डॉक्टर चिडला, तर दवाखाना बदला.