पैसे वजा झाले, जमा मात्र नाहीत : अडकलेली रक्कम एका दिवसात परत येणे हा खातेदाराचा हक्क

पिंगळी (ता. परभणी) : मोबाईलवरून पैसे पाठविताना पडद्यावर व्यवहार अयशस्वी झाल्याचा संदेश येतो आणि त्याच क्षणी बँकेचा लघुसंदेश मात्र रक्कम वजा झाल्याचे सांगतो. पैसे पाठविणाऱ्याच्या खात्यातून गेलेले असतात आणि घेणाऱ्याच्या खात्यात पोचलेले नसतात. पेरणीच्या दिवसांत बियाण्यासाठी पाठविलेली रक्कम अशी मध्येच अडकली, तर पिंगळीसारख्या गावातील कुटुंबापुढे दोन प्रश्न उभे राहतात. पैसे बुडाले का, आणि पुन्हा पाठवावेत की थांबावे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे नियमांत आहेत. मात्र ते फारच थोड्या खातेदारांना ठाऊक असतात.

रक्कम असते कोठे?

यूपीआयवरील एक व्यवहार प्रत्यक्षात दोन व्यवहारांचा बनलेला असतो. राष्ट्रीय देयक महामंडळाची यंत्रणा प्रथम पाठविणाऱ्याच्या बँकेला रक्कम वजा करण्यास सांगते. तसे झाल्याचे उत्तर आले, की घेणाऱ्याच्या बँकेला ती जमा करण्यास सांगते. या दुसऱ्या बँकेने 'हे खाते बंद आहे' असा स्पष्ट नकार दिला, तर अडचण फारशी नसते. उलटा आदेश लगेच निघतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांतच रक्कम परत येते.

खरी अडचण नकारामुळे नव्हे, तर मौनामुळे होते. घेणाऱ्याच्या बँकेची संगणक यंत्रणा ठराविक सेकंदांत उत्तरच देत नाही. तिने रक्कम जमा केली आणि केवळ उत्तर वाटेत हरवले, की आदेशच तिच्यापर्यंत पोचला नाही, हे त्या क्षणी कोणालाच कळत नाही. पडद्यावर कधी Pending, तर कधी Failed असे दिसते. अशा स्थितीत बँकांमधील हिशेबात ती रक्कम घेणाऱ्याच्या बँकेकडे जाते. त्या बँकेने आपल्या नोंदी तपासून ती खात्यात जमा करायची किंवा परत पाठवायची असते. म्हणजेच खातेदार आपल्या शाखेत वाद घालत असतो, तेव्हा पैसे बहुधा दुसऱ्याच बँकेच्या ताब्यात असतात.

लगेच परत का देत नाहीत?

पडद्यावरील 'अयशस्वी' या शब्दावर विसंबून बँकांनी रक्कम तत्काळ का परत करू नये, याचे उत्तर यूको बँकेच्या प्रकरणात सापडते. १० ते १३ नोव्हेंबर २०२३ या काळात अन्य बँकांतून निघालेले आयएमपीएस व्यवहार मूळ बँकांकडे अयशस्वी ठरले. तरीही यूको बँकेच्या खातेदारांच्या खात्यांत सुमारे ८२० कोटी रुपये जमा झाले. त्यांपैकी सुमारे ६४९ कोटी रुपये बँकेने वसूल केल्याचे सांगितले. उरलेल्या रकमेतील बरीच काढून घेतली गेली होती आणि प्रकरण केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. दोन बँकांच्या नोंदी जुळण्यापूर्वी एका बाजूने निर्णय झाला, की काय घडते याचे हे उदाहरण आहे. परतफेडीसाठी दिलेला अवधी या जुळवणीसाठी आहे. मात्र त्यालाही मर्यादा आहे.

एक दिवस आणि पाच दिवस

ही मर्यादा रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने घालून दिली आणि ती १५ ऑक्टोबर २०१९ पासून लागू झाली. यूपीआय किंवा आयएमपीएसद्वारे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठविलेली रक्कम जमा झाली नाही, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ती आपोआप परत आली पाहिजे. दुकानदाराला यूपीआयने दिलेल्या पैशांची पोच त्याच्याकडे आली नाही, तर मात्र ही मुदत पाच दिवसांची आहे. मुदत उलटली, की प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते. रक्कम पाचशेची असो वा पन्नास हजारांची, भरपाईचा दर तोच. ती खातेदाराच्या तक्रारीची वाट न पाहता त्याच्या खात्यात जमा करावी, असे परिपत्रकात स्पष्ट म्हटले आहे.

समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने शुक्रवारी रात्री पिंगळीतील वडिलांच्या खात्यावर चार हजार रुपये पाठविले आणि ते अडकले. नियमात दिवस कॅलेंडरप्रमाणे मोजला जातो. त्यामुळे शनिवारी बँकेला सुटी असली तरी मुदत शनिवारीच संपते. रक्कम बुधवारी परत आली, तर रविवार ते बुधवार असा चार दिवसांचा विलंब होतो आणि ४०० रुपये भरपाई देय ठरते. हेच चार हजार रुपये मुलाने परभणीतील बियाणे विक्रेत्याच्या क्यूआर कोडवर थेट भरले असते, तर मुदत पुढच्या बुधवारपर्यंत गेली असती आणि त्या दिवशीपर्यंत भरपाई मिळाली नसती. निकड असेल तेव्हा हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पुन्हा पाठविण्यापूर्वी

व्यवहार Pending दिसत असताना तीच रक्कम पुन्हा पाठविली, तर काही वेळाने दोन्ही रकमा जमा होऊ शकतात. पैसे कुटुंबातच राहणार असतील, तर नुकसान नाही; अनोळखी व्यक्तीकडून जादा रक्कम परत मिळविणे मात्र कठीण जाते. म्हणून प्रथम घेणाऱ्याने लघुसंदेशावर न विसंबता आपल्या खात्याचा उतारा पाहावा. पाठविणाऱ्यानेही उतारा तपासावा. कारण उलट जमा झालेली रक्कम अनेकदा तेथे वेगळ्या नोंदीने दिसते आणि ॲपवरील जुना संदेश तसाच राहतो.

दुसऱ्या दिवसाअखेर दोन्ही उताऱ्यांत रक्कम दिसली नाही, तर ॲपमधील त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार नोंदवावी आणि आपल्या बँकेलाही लेखी कळवावे. तक्रारीत व्यवहाराचा १२ अंकी संदर्भ क्रमांक, तारीख आणि रक्कम असावी. याच क्रमांकावरून दोन्ही बँका आपापल्या नोंदी शोधतात. पडद्याचे छायाचित्र सोबत जोडावे. पण क्रमांकाविना त्याचा फारसा उपयोग नाही. भरपाईची मागणीही त्याच पत्रात करावी. ती आपोआप मिळणे अपेक्षित असले, तरी मागणीची लेखी नोंद पुढे उपयोगी पडते.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा दिलेले उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे विनाशुल्क तक्रार करता येते. मात्र हा सर्व नियम यंत्रणेतील बिघाडापुरता आहे. चुकीचा क्रमांक टाकल्याने दुसऱ्याच्याच खात्यात गेलेली रक्कम यंत्रणेच्या दृष्टीने यशस्वी व्यवहार असतो. तेथे एक दिवसाची मुदत नाही आणि शंभर रुपयांची भरपाईही नाही.

अडकलेल्या पैशांच्या काळजीचा फायदा भामटेही घेतात. इंटरनेटवर शोधून सापडलेल्या 'ग्राहक सेवा' क्रमांकावर फोन केल्यास रक्कम परत देण्याच्या बहाण्याने पिन टाकण्यास सांगितले जाते. यूपीआयचा पिन टाकल्याने पैसे खात्यातून जातात. परत येणाऱ्या रकमेसाठी तो कधीच लागत नाही.