जुना ब्रश टाकण्याआधी जरा बघा



यंदा दिवाळीला चाकणच्या कंपनीतून धाकट्या दिरांना इलेक्ट्रिक टूथब्रश मिळाला आणि आमच्या चिंचवडच्या घरात चर्चा सुरू झाली, की आता सगळ्यांनीच तो घ्यावा का? माझं मत सांगते. ब्रश विकत घेण्याआधी घरातले जुने ब्रश एका ओळीत ठेवून बघा. कोणाला काय हवंय ते तिथेच कळतं.

आमच्याकडे सगळ्यांचे ब्रश एकाच दिवशी काढलेले असतात. महिनाभरात माझ्या जाऊबाईंच्या ब्रशचे केस दोन्ही बाजूंना फुलासारखे पसरतात, तर सासूबाईंचा ब्रश तीन महिन्यांनीही सरळ उभा असतो. ब्रश तोच आणि पेस्टही तीच, फरक फक्त हाताच्या जोराचा. केस तीन-चार आठवड्यांत पसरले, तर ब्रश वाईट निघाला असं समजू नका. तुम्ही दात घासत नाही आहात, भांडी घासता आहात!

जाऊबाईंना गार पाणी डाव्या बाजूच्या सुळ्याला आणि त्याच्या मागच्या दाढेला झोंबायचं. दातांच्या डॉक्टरांनी आरसा दाखवला. तिथे हिरडी वर सरकली होती आणि दाताच्या मानेशी नखाला लागेल अशी खाच पडली होती. डाव्याच बाजूला का? तर त्या उजव्या हाताने घासतात. उजव्या हाताचा जोर बहुधा डाव्या सुळ्यापाशी जास्त पडतो. हिरडीखालच्या भागावर कडक इनॅमल नसतं, त्यामुळे तो लवकर झिजतो. झीज एकट्या ब्रशने होत नाही. पेस्टमधली किंवा दंतमंजनातली बारीक खर आणि हाताचा जोर मिळून ती होते. म्हणूनच मीठ-कोळशाच्या पावडरी ब्रशवर घेऊन घासणं मला पटत नाही.

आता केसांचा कडकपणा. दुकानदार ‘मीडियम’ पुढे करतो आणि घासल्याचं समाधानही त्यानेच वाटतं. पण दातावरचा थर मऊ असतो, तो काढायला कडक केस लागत नाहीत. ‘सॉफ्ट’चे केस वाकून हिरडीच्या कडेत शिरतात, कडक केस वरूनच घसरतात. थर कडक होऊन दगडासारखा झाला, तर तो कुठल्याच ब्रशने निघत नाही, डॉक्टरांनीच काढावा लागतो. आणखी एक, आपल्यासाठी महत्त्वाचं. नायलॉनचे केस १९३८ साली आले. त्याआधी ब्रशला डुकराचे केस असत आणि आजही काही लाकडी किंवा बांबूच्या ‘नैसर्गिक’ ब्रशांना ते असतात. वेष्टनावर केस कशाचे आहेत ते वाचल्याशिवाय घेऊ नका.

मग इलेक्ट्रिक ब्रश कोणाला? अनेक चाचण्या एकत्र तपासून २०१४ मध्ये कॉक्रेनने जो आढावा काढला, त्यात तीन महिन्यांहून जास्त वापरात इलेक्ट्रिकने दातावरचा थर साधारण २१ टक्के आणि हिरड्यांची सूज ११ टक्के जास्त कमी झालेली दिसली. म्हणजे फायदा आहे, पण साधा ब्रश नीट धरणाऱ्या सासूबाईंना त्यासाठी हजारो रुपये घालायची गरज मला वाटत नाही. जाऊबाईंना मात्र मी घ्याच म्हटलं, आणि तोही जोर पडला की दिवा लावणारा किंवा वेग कमी करणारा. सांधेदुखीने मूठ वळत नाही अशा वडीलधाऱ्यांनाही त्याचा खरा उपयोग. फक्त तो घासायचा नसतो. एकेका दातापाशी क्षणभर टेकवून पुढे सरकायचं असतं.

खर्च मांडताना डोक्याची किंमत विसरू नका. इलेक्ट्रिकचं डोकंही तीन-चार महिन्यांनी बदलावं लागतं. समजा डोकं अडीचशेचं आणि साधा ब्रश चाळीसचा, तर वर्षाला चार बदलून एका माणसाचे हजार विरुद्ध एकशे साठ रुपये होतात. पाच माणसांच्या घरात हा फरक जाणवतो.

तीन-चार महिने ही मर्यादा झाली. केस त्याआधी पसरले तर त्याआधीच बदला, कारण वाकडे केस हिरडीच्या कडेला पोहोचतच नाहीत. आणि त्या माणसाला ब्रश पेनासारखा बोटांत धरायला सांगा. मुठीतला जोर आपोआप जातो.

चौविहार करणाऱ्यांनी सूर्यास्ताआधी जेवण झाल्यावर लगेच ब्रश करून घ्यावा. त्यानंतर तोंडात काही जात नाही, हा उलट फायदाच. ओल्या ब्रशला टोपण लावू नका, बंद ओलाव्यात जीव वाढतात. ब्रश उभा, उघड्यावर सुकू द्या. बदललेले ब्रश मी उकळत्या पाण्यातून काढून मिक्सरच्या भांड्याच्या खाचांसाठी ठेवते. जाऊबाईंचे पसरलेले तिथे फार छान चालतात.