दात नाहीत, तरी शिंपला रिकामा

हिंगोली जिल्ह्यातल्या दहावीच्या बहुतेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो, पण तारामाशाबद्दल दोन ओळी त्यांना तोंडपाठ असतात: तो कंटकचर्मी संघातला आहे आणि नलिकापादांनी चालतो. गुण मिळवायला एवढे पुरते. तो चालतो कसा आणि खातो कसा, हा खरा प्रश्न मात्र तसाच राहतो. जी माहिती कानावर पडते, तीही अर्धी असते.

चालण्यापासून सुरुवात करू. तारामाशाच्या पाठीवर चाळणीसारखी एक लहानशी चकती असते. शरीरातल्या नळ्यांचे जाळे तिथून बाहेरच्या समुद्राशी जोडलेले असते. तोंडाभोवती एक गोल नळी आणि प्रत्येक भुजेत तिची एक फांदी. या फांदीवर शेकडो मऊ पाय ओळीने बसवलेले असतात आणि प्रत्येक पायाच्या वर पाण्याची एक इवलीशी पिशवी असते. ड्रॉपरचा रबरी फुगा दाबावा तशी पिशवी आकसली की पाणी पायात उतरते आणि पाय लांब होतो. मग पायातले स्नायू आकसतात, पाय आखूड होतो आणि पाणी परत पिशवीत जाते. शेकडो पाय आळीपाळीने हेच करतात आणि प्राणी सरकतो.

पायाच्या टोकाची चकती निर्वात दाबाने चिकटते, असे वर्षानुवर्षे शिकवले गेले. संशोधनातून मात्र दिसले, की मुख्य काम डिंकाचे आहे. चकतीतल्या काही ग्रंथी चिकट द्रव सोडतात, तर दुसऱ्या ग्रंथी ती पकड सोडवणारा द्रव. तारामासा काचेवरून पुढे गेला की मागे डिंकाचे ठसे उरतात.

समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या या यंत्रणेची किंमतही आहे. तारामाशाला शरीरातल्या क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळे राखता येत नाही. नुसत्या पाण्यात टाकलेल्या रक्तपेशी फुगून फुटतात, म्हणून दवाखान्यात शिरेतून साधे पाणी न देता सलाइन देतात. तारामाशाची अडचण त्याच जातीची आहे. म्हणून कयाधू नदीत किंवा सिद्धेश्वर धरणात तो कधीच सापडणार नाही. कंटकचर्मी संघातला एकही प्राणी गोड्या पाण्यात राहत नाही.

आता खाणे. युरोपच्या किनाऱ्यावरचा सामान्य तारामासा शिंपल्यावर कुबड काढून बसतो. काही पाय एका शिंपेला चिकटतात, काही दुसरीला, आणि तो दोन्ही बाजूंना ओढत राहतो. शिंपला सताड उघडण्याची गरज नसते. एक मिलिमीटरहूनही कमी फट पडली तरी पुरते. मग जठराचा खालचा, पातळ भाग तोंडातून उलटा बाहेर येतो, फटीतून आत शिरतो आणि पाचकरस भक्ष्यावर ओततो. शिंपला मिटून धरणारा स्नायूच पचू लागला की उरलासुरला प्रतिकार संपतो. काही तासांनी पातळ झालेले अन्न घेऊन जठर आत जाते. मागे उरतो तो अखंड, स्वच्छ शिंपला. खेकड्याने खाल्लेला शिंपला फुटलेला दिसतो, भोक पाडणाऱ्या गोगलगायीने खाल्लेल्याला गोल भोक असते. इथे दोन्हींपैकी काहीच नसते.

जठराला हा निरोप कोण देतो? २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ऑक्सिटोसिनच्या कुळातला एक रेणू तारामाशात सापडला. त्याने जठर सैल पडते. तो टोचल्यावर भक्ष्य समोर नसतानाही प्राणी खाण्याच्या पवित्र्यात बसतो. प्रसूतिकक्षात गर्भाशय आकुंचित व्हावे म्हणून दिले जाते, ते हेच ऑक्सिटोसिन. रेणूचे कूळ एक, पण एका प्राण्यात तो स्नायू आवळतो आणि दुसऱ्यात सैल करतो. औषधाचा परिणाम केवळ रेणूवर ठरत नाही, तो कोणत्या पेशीला जाऊन भिडतो यावरही ठरतो, हे समजावायला याहून सोपे उदाहरण नाही.

शेवटी एक दुरुस्ती. ‘तारामासा जठर बाहेर काढून खातो’ हे वाक्य सगळ्या तारामाशांना लागू नाही. वाळूत पुरून राहणाऱ्या अ‍ॅस्ट्रोपेक्टेनचे पाय टोकदार असतात, त्यांना चकत्या नसतात आणि त्याचे जठरही बाहेर येत नाही. तो लहान शंख-शिंपले अख्खे गिळतो आणि रिकामी कवचे तोंडावाटेच टाकतो. परीक्षेत ‘काही जाती’ हे दोन शब्द लिहिणाऱ्या मुलाला म्हणूनच जास्त गुण मिळायला हवेत.

सहल मालवणला गेली आणि खडकाला चिकटलेला तारामासा दिसला, तर त्याला ओढू नये. पाय तुटतात, चकत्या खडकावरच राहतात. बाटलीतल्या गोड्या पाण्यात तर त्याला मुळीच टाकू नये. कारण आता ठाऊक आहे.