पगार थांबल्यावर एसआयपी कशी चालू ठेवणार?

‘बाजार पडला तर पडू दे, एसआयपी चालू ठेवा’ हा सल्ला दर महिन्याला खात्रीने पगार येणाऱ्यासाठी ठीक आहे. सिल्वासाजवळ डोकमर्डीत घर घेऊन पॉलिएस्टर यार्नच्या कारखान्यात राबणाऱ्या माणसाला तो जसाच्या तसा देणं मला घातक वाटतं.

बाजार पडणं आणि नोकरी जाणं ही दोन संकटं एकदम येत नाहीत, असं म्हणतात. 2020 आठवून पाहा. जानेवारीतल्या उच्चांकावरून 23 मार्चपर्यंत सेन्सेक्स जवळपास 38 टक्के घसरला आणि दोन दिवसांनी देशभर टाळेबंदी लागली. शेअर पडतात ते बहुधा धंदा मंदावण्याच्या भीतीने. तीच मंदी कारखान्यात आली की आधी ओव्हरटाइम बंद होतो, मग माणसं कमी होतात. दोन्ही संकटांचं मूळ एकच आहे.

समजा, एका सुपरवायझरच्या घरात सहा लाख इक्विटी फंडात आणि एक लाख वीस हजार एफडीत आहेत. घराच्या हप्त्यासकट महिन्याचा खर्च चाळीस हजार, पत्नीची शिवणकामाची कमाई आठ हजार. कागदावर सात लाख वीस हजार म्हणजे बावीस महिन्यांची बेगमी. आता बाजार एक तृतीयांश पाडा आणि नोकरी नऊ महिने घालवा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीसोबत संपतो, म्हणून स्वतःच्या पॉलिसीचे दोन हजार धरा. तूट महिन्याला चौतीस हजार, एकूण तीन लाख सहा हजार. एफडी साडेतीन महिन्यांत संपते. उरलेले एक लाख शहाऐंशी हजार पडत्या भावात युनिट विकून उभे करावे लागतात. पडण्याआधी त्याच युनिट्सची किंमत दोन लाख एकोणऐंशी हजार होती. बाजार पूर्ण सावरला तरी हातात तीन लाख एकवीस हजारच उरतात.

सुरुवातीची सात लाख वीस हजारांचीच रक्कम तीन लाख एफडीत आणि बाकी फंडात अशी असती, तर जेमतेम सहा हजारांची युनिट विकावी लागली असती आणि बाजार सावरल्यावर चार लाख अकरा हजार उरले असते. पडझड तीच, बेकारी तीच; फरक नव्वद हजारांचा.

‘2020 मध्ये बाजार नोव्हेंबरपर्यंत सावरलाच की!’ असाही युक्तिवाद होतो. पण जानेवारी 2008 ची पातळी पुन्हा गाठायला नोव्हेंबर 2010 उजाडला होता. बाजार सावरतो, तोवर विकलेली युनिट परत येत नाहीत. एफडीचं व्याज तेजीच्या वर्षांत कमी पडतं, हा आक्षेप मात्र खरा आहे. ती किंमत मोजावी, असं माझं मत आहे. फक्त एफडी मधेच मोडली तर किती व्याज कापतात, हे आधी बँकेत विचारून घ्यावं.

हा हिशेब स्वतःच्या आकड्यांनी घरातल्या सगळ्यांसमोर मांडा. एफडी नऊ महिने पुरत नसेल, तर ती भरेपर्यंत नवी एसआयपी सुरू करू नका.