डाव्या डोळ्यातलं धुकं आणि सात इंजेक्शनं



गावाकडे फोन लावला की आपण विचारतो, बीपीची गोळी घेतली का? पलीकडून "हो" येतं आणि विषय संपतो. या वेळचा लेख त्याच बीपीमुळे डोळ्यात होणाऱ्या एका आजाराबद्दल आहे. डॉक्टर त्याला रेटिनल व्हेन ऑक्लूजन म्हणतात, म्हणजे डोळ्याच्या पडद्यातली रक्तवाहिनी तुंबणे. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. पण वर्षभर माझ्या काकांची फाईल मीच सांभाळली आणि प्रत्येक भेटीत डॉक्टरांना प्रश्न विचारून विचारून थोडंफार समजून घेतलं.

आमचं गाव मुधोळ. पूर्वी आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ पासून निर्मल जिल्ह्यात आलं. काका ६७ वर्षांचे, बारा वर्षांपासून बीपी, आणि गोळी "बरं वाटत नसलं तर" घ्यायची अशी त्यांची पद्धत. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी चालू असताना उजव्या डोळ्यात भुसा गेला. तो डोळा मिटून चोळताना त्यांच्या लक्षात आलं की डाव्या डोळ्याने समोरचा खालचा अर्धा भाग धुरकट दिसतोय. दुखत नव्हतं, डोळा लालही नव्हता. "मोतीबिंदू असंल, पिकू दे की," असं म्हणून ते मोकळे झाले.

इथेच बहुतेकांची गफलत होते. मोतीबिंदू हळूहळू, महिनोन्‌महिने वाढतो. शीर तुंबली तर नजर अचानक, कधी एका रात्रीत धुरकट होते, आणि बहुतेक वेळा एकाच डोळ्याची. दुसरा डोळा चांगला असला की दोन्ही उघडे ठेवून काहीच जाणवत नाही. काकांना भुसा गेला नसता तर आणखी किती दिवस गेले असते कोण जाणे.

आमच्या गावाला एका बाबतीत नशीबवान म्हणायला हवं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने ग्रामीण भागातलं आपलं पहिलं केंद्र १९९६ मध्ये मुधोळलाच उघडलं. भोसले गोपाळराव पटेल यांच्या नावाचं ते केंद्र आजही चालू आहे. काकू काकांना हट्टाने तिथे घेऊन गेल्या. थेंब टाकून बाहुली मोठी केली आणि पडदा तपासला, तेव्हा वरच्या बाजूच्या एका शिरेभोवती ज्वाळांसारखे रक्ताचे ठिपके दिसले. बीपी १७०/१०० होतं. पडद्याच्या तज्ज्ञाकडे जा, उशीर करू नका, असं सांगितलं गेलं. मग बासर स्टेशनवरून गाडी आणि हैदराबाद, माझ्या घरी.

आता आत नेमकं काय होतं ते बघू. पडद्यावर धमन्या आणि शिरा ठिकठिकाणी एकमेकींना ओलांडतात, आणि तिथे दोघींना मिळून एकच वेष्टण असतं. वर्षानुवर्षं बीपी जास्त राहिलं की धमनी जाड, कडक होते आणि खालच्या मऊ शिरेला दाबते. तिथे रक्ताचा प्रवाह अडखळतो, गुठळी होते. मागे रक्त साचतं आणि पाणी झिरपायला लागतं. पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाचा वाटाण्याहून लहान भाग असतो. वाचणं, चेहरे ओळखणं त्याच्या जोरावर चालतं. पाणी तिथे साचलं की नजर धुरकट होते. पडद्यावर चित्र उलटं पडतं, म्हणून वरची शीर तुंबली की खालचं दिसत नाही. काकांचं हेच झालं होतं. एक फांदी न तुंबता मुख्य शीरच तुंबली तर नुकसान जास्त असतं.

हे पाणी मोजता येतं. ओसीटी नावाची तपासणी दोन मिनिटांत होते, हात लावावा लागत नाही, आणि मॅक्युलाची जाडी मायक्रॉनमध्ये कळते. साधारण अडीचशेच्या आसपास असायला हवी, काकांची ५४० होती. नजर ६/३६. म्हणजे निकोप डोळ्याला ३६ मीटरवरून वाचता येणारं अक्षर त्यांना ६ मीटरवर यावं लागायचं.

उपचार म्हणजे डोळ्यात इंजेक्शन. हे ऐकताच काका उठून चपला शोधायला लागले होते! प्रत्यक्षात बधिर करणारे थेंब टाकतात, आयोडिनने डोळा धुतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, केसासारख्या सुईने ०.०५ मिलिलिटर औषध सोडतात. काही सेकंदांचं काम. पण हे औषध गुठळी विरघळवत नाही. रक्त न मिळाल्याने पडदा व्हीईजीएफ नावाचं द्रव्य सोडतो, त्यामुळे वाहिन्या गळतात. औषध त्या द्रव्याला अडवतं. त्याचा जोर साधारण महिनाभर टिकतो. आतली शीर तुंबलेलीच असते, म्हणून पाणी परत येऊ शकतं. एका इंजेक्शनने भागत नाही ते यामुळे.

ऑक्टोबरअखेर, नोव्हेंबर आणि डिसेंबर अशी तीन इंजेक्शनं झाली. जानेवारीत जाडी २९० आणि नजर ६/१२. डॉक्टर म्हणाले, आज इंजेक्शन नको, पण महिन्याने दाखवायला या. फेब्रुवारीत हरभरा काढणीला आला. "आता चांगलं दिसतंय की, कशाला खर्च?" काका आलेच नाहीत. मार्चअखेर आले तेव्हा जाडी ४३० आणि नजर ६/२४ झाली होती. मग मार्च, एप्रिल, पुढे सहा आठवड्यांनी आणि त्यानंतर आठ आठवड्यांनी, अशी वर्षात एकूण सात. आता परत ६/१२ आहे. ६/६ होईल असं कोणी म्हटलेलं नाही.

उशिराची किंमत काय, हे २०१० च्या ब्राव्हो आणि क्रूझ या दोन मोठ्या चाचण्यांतही दिसलं. काही रुग्णांना पहिले सहा महिने खोटं इंजेक्शन आणि नंतर खरं औषध मिळालं. त्यांची नजर सुधारली, पण सुरुवातीपासून औषध घेणाऱ्यांइतकी नाही. मॅक्युलाचा रक्तपुरवठाच गेला असेल, तर मात्र पाणी ओसरूनही नजर परत येत नाही. हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावं.

खर्चाचं म्हणाल तर बेव्हॅसिझुमॅब हे मूळचं कर्करोगाचं औषध. एका कुपीतून डोळ्यासाठी बरेच डोस निघतात, म्हणून स्वस्त पडतं. कर्करोगासाठीच्या त्या कुपीला डोळ्यासाठी मान्यता नाही, पण मुख्य शीर तुंबलेल्या रुग्णांवरच्या २०१७ च्या स्कोर-२ चाचणीत सहा महिन्यांअखेर ते महागड्या अफ्लिबरसेप्टपेक्षा कमी ठरलं नाही. काकांना तेच दिलं. कुपीतून डोस निर्जंतुक जागी भरले जातात ना, एवढं मी प्रत्येक वेळी विचारायचो. आधी हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगायला हवं.

इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग पडतो, त्याला घाबरायचं नाही, आठ-पंधरा दिवसांत जातो. पण दोन-चार दिवसांत डोळा ठणकायला लागला, लाली वाढली आणि नजर कमी होत गेली, तर आत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. हे क्वचित होतं, पण झालं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, सकाळची वाट बघायची नाही.

घरी करण्यासारखी तपासणी सोपी आहे. भिंतीवरचं कॅलेंडर घ्या. चष्मा लावून एक डोळा तळहाताने झाका, तारखा वाचा, मग दुसरा. मी दर रविवारी व्हिडिओ कॉलवर काका-काकू दोघांकडूनही हे करून घेतो, आणि त्याच वेळी बीपीचं यंत्र लावायला लावतो. गेल्या रविवारी काकांचं बीपी १३२/८० होतं, आणि गोळीचं पाकीट त्यांनी न विचारता कॅमेऱ्यासमोर धरलं.