इंग्रजीचा तास : ‘सेड’ आल्यावर काळ कधी मागे सरकतो, कधी नाही

मागच्या अंकात आपण प्रश्नार्थक वाक्ये पाहिली. या वेळी डायरेक्ट स्पीचचे इनडायरेक्ट स्पीच करताना क्रियापदाच्या काळाचे काय होते ते पाहू. नववी-दहावीच्या मुलांचे गुण इथे जातात आणि घरी अम्मी-अब्बांना कारण सांगता येत नाही. कारण व्याकरणाच्या पुस्तकात नसून आपल्याच बोलीत आहे.

मराठीत आपण म्हणतो, ‘सलमा म्हणाली की मी आजारी आहे.’ उर्दूतही तसेच, ‘सलमा ने कहा के मैं बीमार हूँ.’ म्हणणे काल झाले तरी आतला ‘आहे’ आणि ‘हूँ’ जागचा हलत नाही. सलमाचे शब्द जसेच्या तसे पुढे येतात. इंग्रजी मात्र वेगळे वागते. तिथे आपण आपल्या जागेवरून, आपल्या वेळेवरून बोलतो. म्हणून वाक्य होते, ‘सलमा सेड दॅट शी वॉज अनवेल.’ मुले मनातल्या मराठीवरून लिहितात आणि ‘शी इज अनवेल’, कधी तर ‘आय ॲम अनवेल’ असेही लिहून मोकळी होतात.

याची उलट बाजूही आहे. ‘शी वॉज अनवेल’ वाचून मूल समजते की सलमा आधी आजारी होती, आता बरी आहे. प्रत्यक्षात बोलतानाच ती आजारी होती. म्हणून वाचताना काळ एक पायरी पुढे आणून मराठी करावी. तिथे ‘वॉज’ म्हणजे आपल्या वाक्यातले ‘आहे’.

आता एक उदाहरण पायरीपायरीने सोडवू. अब्बांनी दौंड स्टेशनवरून सलमाला फोन केला. ते म्हणाले :

‘आय ॲम स्टँडिंग ॲट द स्टेशन. द ट्रेन हॅज नॉट कम यट. आय मेट युवर अंकल हिअर. आय विल कॉल यू टुमॉरो.’

आठ दिवसांनी सलमा हे मैत्रिणीला सांगते आहे. पहिली पायरी म्हणजे सांगणारे क्रियापद बघणे. इथे ते ‘सेड’ किंवा ‘टोल्ड’ असे भूतकाळी आहे, म्हणून काळ मागे जाणार. दुसरी पायरी, प्रत्येक क्रियापद एक घर मागे न्यायचे. ‘ॲम स्टँडिंग’चे ‘वॉज स्टँडिंग’, ‘हॅज नॉट कम’चे ‘हॅड नॉट कम’, ‘मेट’चे ‘हॅड मेट’, ‘विल कॉल’चे ‘वुड कॉल’. तिसरी पायरी, माणूस, जागा आणि दिवस बदलायचे. ‘आय’चे ‘ही’, ‘युवर’चे ‘माय’, ‘यू’चे ‘मी’, ‘हिअर’चे ‘देअर’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’. उत्तर असे :

‘अब्बा टोल्ड मी दॅट ही वॉज स्टँडिंग ॲट द स्टेशन अँड दॅट द ट्रेन हॅड नॉट कम यट. ही ॲडेड दॅट ही हॅड मेट माय अंकल देअर अँड दॅट ही वुड कॉल मी द नेक्स्ट डे.’

आता काळ कुठे हलवायचा नाही ते पाहू.

पहिली जागा सोपी आहे. सांगणारे क्रियापद वर्तमानात किंवा भविष्यात असेल, म्हणजे ‘सेज’, ‘हॅज सेड’, ‘विल से’, तर काळ तसाच राहतो. फोन हातात असतानाच सलमा अम्मीकडे वळून सांगते, ‘अब्बा सेज दॅट ही इज स्टँडिंग ॲट द स्टेशन.’ फक्त ‘आय’चे ‘ही’ झाले. मुले ‘ही’ पाहताच ‘वॉज’ लिहितात, म्हणून आधी सांगणाऱ्या क्रियापदाखाली रेघ मारण्याची सवय लावा.

दुसरी जागा, कायम खरी असलेली गोष्ट. ‘द टीचर सेड दॅट द अर्थ मूव्ह्ज राउंड द सन.’ ‘अब्बा सेड दॅट दौंड इज इन पुणे डिस्ट्रिक्ट.’ सांगून झाले तरी गोष्ट तशीच आहे, म्हणून वर्तमानकाळ राहतो. परीक्षेत हमखास विचारला जाणारा अपवाद हाच.

तिसरी जागा, साल किंवा तारीख दिलेली घटना. ‘टिपू सुलतान डाइड इन 1799.’ याचे ‘ही सेड दॅट टिपू सुलतान डाइड इन 1799’ असेच चालते. घटना कधीची ते सालानेच सांगितले, वेगळे ‘हॅड’ लागत नाही.

चौथी जागा म्हणजे नुसती कल्पना. ‘इफ आय वेअर रिच, आय वुड बिल्ड अ स्कूल.’ इथला ‘वेअर’ भूतकाळ नाही, ती न घडलेली गोष्ट आहे. म्हणून ‘ही सेड दॅट इफ ही वेअर रिच, ही वुड बिल्ड अ स्कूल.’ हे मागे ढकलून ‘हॅड बीन’ आणि ‘वुड हॅव बिल्ट’ केले तर अर्थ होतो की संधी गेली. पण ‘इफ इट रेन्स, आय विल स्टे’ ही खरी शक्यता आहे, तिथे ‘रेन्ड’ आणि ‘वुड स्टे’ होणारच. ‘वुड’, ‘कुड’, ‘शुड’, ‘माइट’ हे शब्द आधीच असतील तर तेही सहसा तसेच राहतात.

राहिली मधली जागा. गोष्ट सांगताना खरी होती आणि आजही खरी आहे, पण कायमची नाही. तिथे बोलण्यात दोन्ही चालते, पण वजन बदलते. समजा शेजारी म्हणाले, ‘द शॉप इज माइन.’ आपण ‘ही सेड दॅट द शॉप वॉज हिज’ म्हटले तर फक्त त्यांचे म्हणणे पोहोचवले. ‘ही सेड दॅट द शॉप इज हिज’ म्हटले तर ऐकणाऱ्याला वाटते की ते आपणही खरे मानतो. कुणाचे बोलणे पुढे नेणे ही अमानत आहे. माहिती नसलेल्या गोष्टीची ग्वाही एका ‘इज’मुळे आपल्याकडून दिली जाऊ शकते. शंका असेल तिथे ‘वॉज’ लिहावे. परीक्षेतही कायमचे सत्य नसेल तर काळ मागे न्यावा, तेच सुरक्षित.

या महिन्याचा सराव

1. नदीम सेड, ‘आय ॲम फास्टिंग टुडे.’
2. अम्मी सेज, ‘द डॉक्टर हॅज कम.’
3. द टीचर सेड, ‘वॉटर बॉइल्स ॲट 100 डिग्रीज सेल्सिअस.’
4. रेहाना सेड, ‘आय विल बाय बुक्स इफ आय गेट द स्कॉलरशिप.’
5. ही सेड, ‘इफ आय वेअर अ डॉक्टर, आय वुड वर्क इन अ व्हिलेज.’

उत्तरे (वाक्य सोडवल्यावरच पाहावीत)

1. नदीम सेड दॅट ही वॉज फास्टिंग दॅट डे.
2. अम्मी सेज दॅट द डॉक्टर हॅज कम. (‘सेज’ आहे, म्हणून बदल नाही.)
3. द टीचर सेड दॅट वॉटर बॉइल्स ॲट 100 डिग्रीज सेल्सिअस.
4. रेहाना सेड दॅट शी वुड बाय बुक्स इफ शी गॉट द स्कॉलरशिप.
5. ही सेड दॅट इफ ही वेअर अ डॉक्टर, ही वुड वर्क इन अ व्हिलेज.

चौथे चुकले आणि पाचवे बरोबर आले, तर ‘इफ’मागे खरी शक्यता आहे की कल्पना, हे मुलाला आधी मराठीत विचारा. ते त्याला मराठीत सांगता आले की इंग्रजी वाक्य तो स्वतःच दुरुस्त करील. पुढच्या अंकात आज्ञा आणि विनंतीची वाक्ये घेऊ, इन्शाअल्लाह.